रंग हलला कुणाचा, पाकिटाचा की भिंगाचा?

समजा, सांगलीच्या गणपती पेठेतून आणलेल्या धुण्याच्या पावडरीच्या एक किलोच्या पाकिटाबद्दल शंका आहे. फोटो मोठा करून पाहिला, तर पांढऱ्यावरच्या लाल अक्षरांना एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी कड दिसते. एवढ्यावर माल नकली ठरवू नये.

अशी पाकिटं बहुधा ग्रॅव्हियर यंत्रावर छापतात. प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. पिवळ्यावर किरमिजी नेमका बसला की लाल दिसतो, हलला की कडा उघड्या पडतात. पण कॅमेऱ्याचं भिंगही अशाच कडा तयार करतं. ते वेगवेगळ्या रंगांची प्रतिमा किंचित कमीजास्त आकाराची उमटवतं. हा फरक फोटोच्या मध्यभागी जवळपास नसतो, कडेला वाढत जातो.

म्हणून पाकिटाचा एक फोटो काढा, मग मोबाइल न हलवता पाकीट उलटं फिरवून, ती अक्षरं फ्रेमच्या त्याच जागी ठेवून दुसरा काढा. पिवळी कड अक्षराच्या त्याच बाजूला राहिली तर दोष छपाईचा. बाजू बदलली तर भिंगाचा. फोटोत २५ सेंटिमीटरला ४००० पिक्सेल असतील, तर मिलिमीटरला १६ पडतात, ०.२ मिलिमीटरची चूक जेमतेम तीन पिक्सेलची. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि हे तीन पिक्सेलही जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईचाच दोष निघाला तरी खऱ्या कंपनीच्या एखाद्या रोलमध्येही रंग थोडा हलतो. जास्त बोलका पुरावा बारीक मजकुरात सापडतो. मूळ पाकिटावर वजन, पत्ता वगैरे बारीक काळी अक्षरं सहसा एकाच सिलिंडरने छापलेली असतात. त्यांच्या कडा भिंगाखाली करवतीसारख्या दिसतात, तो ग्रॅव्हियरचा स्वभावच आहे. नक्कल करणारा पाकीट स्कॅन करतो, तेव्हा तेच काळं अक्षर चार रंगांच्या ठिपक्यांत फुटू शकतं आणि कडेला रंगीत धूळ दिसते. वजनाच्या ओळीत एककही वाचा. किलोचं प्रमाण चिन्ह kg आणि ग्रॅमचं g, दोन्ही लहान लिपीत. KGS किंवा gms असेल तर शंका वाढते. साबणाच्या वेष्टनावर मात्र ‘पॅक करतेवेळी’चं वजन लिहिलेलं असलं तर बिचकू नका, साबणातलं पाणी उडून वडी हलकी होते.

शेवटी सील. त्यासाठी बॅटरीचा उजेड बाजूने, जवळजवळ आडवा टाका. कारखान्यातल्या यंत्राचे जबडे रुंद पट्टीवर एकसारख्या खाचा उमटवतात. हातसीलरची रेघ बहुधा अरुंद असते, तिरकी जाते. मध्ये पावडर अडकली की तिथे सुरकुती पडते. खाचांच्या पट्टीखाली अशी दुसरी रेघ दिसली, तर छपाई अस्सल असूनही पाकीट पुन्हा भरलेलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा वरचे रंग कितीही नेमके बसलेले असोत, आतल्या पावडरीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.