रस्सा निर्दोष, कांदा दोषी

जुळे सोलापुरात ताईकडे रविवारी सात जण जेवायला होतो. चिकनचा रस्सा, कडक भाकरी, भात, शेंगाची चटणी, कांदा-लिंबू असा बेत होता. मंगळवारी रात्री भाचीच्या पोटात कळा सुरू झाल्या. बुधवारी पहाटे दाजींना ताप आणि जुलाब, आणि दुपारी माझा नंबर लागला. घरात लगेच निकाल लागला, "चिकन खराब होतं."

मला ते पटेना. रस्सा पाऊण तास खदखदत होता. मांसाच्या आतपर्यंत 75 अंश पोचले की पोट बिघडवणारे नेहमीचे जिवाणू तग धरत नाहीत, आणि उकळता रस्सा तर शंभराच्या आसपास असतो. शिवाय आईने सगळ्यात जास्त रस्सा खाल्ला होता. दात नाहीत म्हणून ती भाकरी रश्श्यात कुस्करते. तिला काहीच झालं नाही. भाचा कांद्याला शिवत नाही, तोही ठणठणीत. माझ्या नवऱ्याने रस्सा-भात खाल्ला, तोही बरा. आजारी पडलो ते आम्ही तिघं, ज्यांनी भाकरीबरोबर कांद्याच्या फोडी खाल्ल्या होत्या. ताईनेही एकदोन खाल्ल्या होत्या, पण सगळ्याच फोडींवर जंतू सारखे नसतात.

मग आठवलं, मी ओट्याशीच उभी होते. दुकानदाराने तंगडीचे तुकडे जरा मोठे ठेवले होते, म्हणून ताईने ते चॉपिंग बोर्डवर लहान केले. बोर्डवर तांब्याभर पाणी ओतलं, ओट्याच्या फडक्याने पुसलं. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात बोर्ड कुणी धो-धो धूत नाही. रस्सा झाल्यावर, पानं घेताना, त्याच बोर्डवर त्याच सुरीने कांदा चिरला. कांदा आयत्या वेळीच चिरायचा, नाहीतर उग्र लागतो, हे आपल्याकडे लहानपणापासून ठरलेलं. चिकन आधी आणि कांदा शेवटी हा क्रम त्यामुळे आपोआप पडतो, आणि घोळ नेमका तिथे होतो. चिकन पुढे चुलीवर जातं, कांदा कधीच जात नाही.

शौचाची तपासणी आम्ही केली नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण दिवस मोजले तर संशय कॅम्पिलोबॅक्टरवर जातो. हा जिवाणू पोटात गेल्यावर बहुधा दोन ते पाच दिवसांनी त्रास देतो. कोंबडीतूनच येणारा दुसरा, साल्मोनेला, सहसा सहा तासांपासून तीन दिवसांत लक्षणं दाखवतो, बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी. (टायफॉइडचा जिवाणू याच घराण्यातला, पण तो माणसाकडून माणसाकडे येतो. कोंबडीतला साल्मोनेला वेगळ्या प्रकारचा.) मंगळवारी पोट बिघडलं की आपण सोमवारची पाणीपुरी आठवतो. रविवारच्या कांद्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दोघांचे स्वभाव मात्र अगदी उलटे आहेत. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41-42 अंश, आणि त्याला तेवढंच आवडतं. कोंबडी बिलकूल आजारी दिसत नाही, त्यामुळे दुकानात पाहून काही कळत नाही. आता मे महिन्यात सोलापुरात सावलीतही 42 अंश असतात, म्हणजे हा ओट्यावर माजेल असं वाटेल. तसं होत नाही. त्याला ऑक्सिजन लागतो तो जेमतेम पाच टक्के, आणि आपल्या हवेत आहे 21 टक्के. कोरडं पडलं की तो पटकन मरतो. इतका नाजूक की प्रयोगशाळेत वाढवणंही अवघड. इंग्लंडमध्ये मार्टिन स्किरो यांनी 1977 मध्ये तो जुलाबाचं मोठं कारण असल्याचं दाखवलं, तोवर बहुतेक डॉक्टरांच्या गावीही नव्हता.

मग असा नाजूक प्राणी घरभर आजार कसा पसरवतो? त्याला संख्येने वाढावंच लागत नाही. 1981 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने दुधातून मोजून 500 जिवाणू स्वतः पिऊन पाहिले, आणि तो आजारी पडला. पाचशे जिवाणू एकामागे एक लावले तर तिळाच्या दाण्याएवढीही रांग होणार नाही. कच्च्या चिकनच्या पाण्याचा एक थेंब त्याला पुरू शकतो. ताईच्या फडक्याने असे किती थेंब बोर्डभर पसरवले असतील, आणि पुढे त्या फडक्याने काय काय पुसलं असेल!

साल्मोनेलाला सहसा बरेच जास्त जिवाणू लागतात, पण ते तो स्वतः तयार करतो. भाजलेलं सुकं चिकन, कच्चं मुरवत ठेवलेल्या त्याच पातेल्यात परत काढलं, समजा. तळाच्या ओलीतले दहा जिवाणू त्यावर बसले. एप्रिलच्या उकाड्यात ते अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर पाच तासांत दहाचे दहा हजार होतात. शिवाय तो कोरडेपणाला दाद देत नाही. चिकन कालवलेल्या हाताने काळ्या तिखटाचा डबा उघडला, तर त्या पुडीत तो आठवडेच काय, महिनेही टिकू शकतो. म्हणून तिखट-मीठ आधीच वाटीत काढून घ्यावं, हात भरल्यावर डब्याला हात लावू नये.

चिकन धुण्याबद्दल मात्र मी चारचौघांपेक्षा वेगळं सांगणार आहे, आणि ताईला ते रुचलेलं नाही. हळद, मीठ, लिंबू लावून धुतल्याने वास जातो, जिवाणू जात नाहीत. नळाच्या धारेखाली धरलं की शिंतोडे घासलेल्या भांड्यांवर उडतात. अमेरिकेत 2019 च्या एका पाहणीत लोकांना चिकन आणि सॅलड करायला सांगून मागाहून तपासणी केली. चिकन धुणाऱ्यांपैकी 26 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये चिकनवरचे जिवाणू सापडले. गंमत अशी, की न धुणाऱ्यांपैकीही 31 टक्क्यांच्या सॅलडमध्ये ते सापडलेच. त्यांच्याकडे शिंतोडे नव्हते, पण हात, सुरी आणि बोर्ड होतेच. पिसं, रक्त काढायला धुवायचंच असेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलकेच बुडवून काढावं, आणि ते पाणी सावकाश ओतावं.

आता ताईच्या घरी काय बदललं ते सांगते. कांदा, कोथिंबीर, लिंबू आधी चिरून झाकण घालून बाजूला जातं. थोडा उग्र वास चालवून घेतात. त्यानंतरच चिकनला हात लागतो. विळी असो की बोर्ड, क्रम हाच. यात पाणी जास्त लागत नाही, म्हणून मला हा उपाय सगळ्यात पसंत आहे.

मग बोर्ड साबणाने घासायचा, आणि त्यानंतरच त्यावर कढत पाणी किंवा ब्लीचचं पाणी. ब्लीच लिटरभर पाण्याला छोटा चमचाभर, बिनवासाचं, दोनेक मिनिटं ठेवून पुन्हा धुवायचं. आधी साबण न लावता ब्लीच ओतलं तर रक्त-चरबीतच त्याचा जोर संपतो. शेवटी बोर्ड उभा करून उन्हात. सोलापूरचं ऊन इथे कामाला येतं. कॅम्पिलोबॅक्टर वाळला की संपलाच. साल्मोनेलाला मात्र ऊन पुरत नाही, त्याच्यासाठी घासणंच हवं. ओलं फडकं खुंटीवर न ठेवता उकळत्या पाण्यात टाकायचं.

लाकडी बोर्ड वाईट आणि प्लॅस्टिकचा चांगला, असं सरसकट नाही. कॅलिफोर्नियातल्या डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत लाकडाने जिवाणू आत ओढून घेतले आणि वाळताना त्यातले बरेच मेले, तर सुरीने चरे पडलेल्या प्लॅस्टिकमधून ते धुऊनही निघाले नाहीत. बोर्डवरून नख फिरवावं. चऱ्यांत ते अडकू लागलं की बोर्ड बदलायची वेळ झाली.

आम्ही तिघं ओआरएस पिऊन आठवड्याच्या आत बरे झालो. या आजारात बहुधा अँटिबायोटिक लागतही नाही. शौचात रक्त, सतत ताप किंवा लघवी कमी झाली तर मात्र थांबू नये. आणि जुलाब थांबल्यावर एकदोन आठवड्यांनी पायांपासून वर चढणारी अशक्तता आली तर तडक इस्पितळ गाठावं. कॅम्पिलोबॅक्टरनंतर साधारण हजारात एकाला गिलां-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार होतो. परवा दाजींचा पाय बधिर झाला म्हणून ताईने घाबरून फोन केला होता. ते तासभर मांडी घालून पेपर वाचत बसले होते.