अ‍ॅड्रेनल ग्रंथी ‘दमतात’ का?

“सारखा थकवा असतो. ताणामुळे माझ्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी दमल्यात का?”

नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स बनवतात. ताणाने त्या दमल्याचा पुरावा नाही, म्हणून हार्मोनतज्ज्ञ हा आजार मानत नाहीत. ‘अ‍ॅड्रेनल फटीग’ हे नाव १९९८मध्ये जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवणाऱ्या उपचारकाने दिलं. थकवा मात्र खरा असतो. आधी रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य तपासून घ्या.

ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. भारतात त्यामागे क्षयरोगही असू शकतो. वजन घटतं, उभं राहताच चक्कर येते, तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. तेव्हा सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. डेसीलिटरला ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर दाट संशय; आकडा मधला असेल तर ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचं इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात.

बरेच दिवस स्टिरॉइड घेत असाल तर ते एकदम बंद करू नका; बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्याने ग्रंथी तेव्हा खरोखरच झोपलेल्या असू शकतात.