जिद्दीला सलाम ठोकला म्हणजे वाढदिवसाची शुभेच्छा झाली असं नाही

माझ्या एका मैत्रिणीला विसाव्या वर्षी मणक्याला इजा झाली आणि तेव्हापासून ती व्हीलचेअर वापरते. गेल्या महिन्यात ती 41 वर्षांची झाली. संध्याकाळी तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच, आणि यातला कुठला निरोप मला आहे ते सांग." निरोप पुष्कळ होते. बहुतेकांत जिद्द होती, प्रेरणा होती, सलाम होता. ती स्वतः मात्र दोन-तीनच निरोपांत सापडली.

वाईट शुभेच्छा कुठली हे बहुतेकांना कळतं. "देव तुला पुन्हा चालायची शक्ती देवो" किंवा "लवकर बरी हो" असं वाढदिवसाला लिहू नये, कारण ती आजारी नाही. त्यावर जास्त बोलायची गरज नाही. अपंग म्हणावं, विकलांग की दिव्यांग, हा वादही इथे बाजूला ठेवता येतो. वाढदिवसाच्या दोन ओळींत यातला एकही शब्द लागत नाही.

खरा घोळ होतो तो कौतुकाच्या बाबतीत. जिद्द हा स्वभावाचा गुण आहे, तेव्हा जिद्दीबद्दल लिहिलं म्हणजे माणसाबद्दलच लिहिलं, असं लोक मनापासून समजतात. इथेच फसगत होते. ती जिद्दी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? तिने एखादा हट्ट तडीस नेलेला पाहिला असेल, तर तो खरंच तिचा गुण आहे. व्हीलचेअर पाहून "एवढं असूनही ही कामाला जाते, म्हणजे केवढी जिद्द" असा तर्क केला असेल, तर तो गुण तुम्ही खुर्चीवरून काढलात. मग वाक्याच्या सुरुवातीला नाव तिचं असलं तरी कौतुक तिच्या परिस्थितीचंच होतं.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण एका अक्षराची आहे: "ही". "व्हीलचेअरवर असूनही हसतमुख." "इतकं सोसूनही कधी तक्रार नाही." हा "ही" काय म्हणतो? व्हीलचेअरवरच्या माणसाने रडवेलं असणं साहजिक होतं, ती तशी नाही याचं आश्चर्य वाटतं. म्हणजे वरून शाबासकी, आत ते माणूस दुःखीच असणार हे गृहीतक. "ही" काढून बघा. "व्हीलचेअरवर आहे, हसतमुख आहे." आता दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही आणि पहिला भाग लिहायचं कारणही गेलं. कधी हा "ही" लपून बसतो. "रोज वेळेवर ऑफिसला येतेस, खरंच ग्रेट" या वाक्यात तो दिसत नाही, पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला वेळेवर येण्याबद्दल कुणी वाढदिवसाला ग्रेट म्हणत नाही.

ऑस्ट्रेलियातली पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग व्हीलचेअर वापरायची. तिने 2014 साली सिडनीतल्या एका भाषणात आपला किस्सा सांगितला होता. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिचं नाव एका पुरस्कारासाठी सुचवायचं ठरवलं. आईवडिलांचं म्हणणं होतं, छान आहे, पण तिने अजून काही मिळवलेलंच नाही. ते खरंच होतं. ती शाळेत जायची, चांगले गुण मिळवायची, शाळा सुटल्यावर आईच्या केशकर्तनालयात साधंसं काम करायची आणि टीव्हीवरच्या मालिका बघायची. इतर मुलींसारखं नुसतं जगणं हेच तिचं कर्तृत्व ठरवलं जात होतं. वाढदिवसाच्या निरोपात "तुझ्याकडे पाहून जगायचं बळ मिळतं" असं लिहिलं की तेच घडतं. त्यात आणखी एक गोष्ट होते: दिवस तिचा, आणि निरोप लिहिणाऱ्याला काय मिळालं याबद्दलचा.

मैत्रिणीच्या फोनवरचा एक निरोप घेऊ. तिच्याबरोबर सहा वर्षं काम केलेल्या सहकाऱ्याचा होता: "संकटांवर मात करून तू आम्हा सर्वांपुढे आदर्श ठेवला आहेस. तुझ्या जिद्दीला सलाम! तुला सांभाळणाऱ्या आईलाही वंदन." भावना खरी होती यात मला शंका नाही. पण व्हीलचेअर वापरणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हा निरोप जसाच्या तसा पाठवता आला असता. आईला वंदन वाचून तर मला रागच आला. एक्केचाळीस वर्षांच्या, स्वतःचं घर चालवणाऱ्या बाईच्या वाढदिवशी तिला सांभाळणाऱ्याचे आभार मानले म्हणजे ती कुणावरचा तरी भार ठरली.

याच सहकाऱ्याला तिच्याबद्दल काय काय माहीत होतं? ती दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढते आणि प्रत्येक चुकीखाली पेन्सिलीने कारण लिहिते. सात-सात मिनिटांचे आवाजी निरोप पाठवते, आणि विनोद पुरा व्हायच्या आत स्वतःच हसत सुटते. पत्त्यांत हरली की पुन्हा डाव मांडायला लावते. आता जिद्दच लिहायची असेल तर ती या पत्त्यांतली लिहावी, कारण ती त्याने पाहिलेली आहे. निरोप असा झाला असता: "वाढदिवसाच्या शुभेच्छा! माझ्या अहवालात तू पेन्सिलीने लिहिलेलं 'हे वाक्य कुणाला समजावं?' अजून जपून ठेवलंय. या वर्षी तुझे निरोप दहा मिनिटांचे होवोत, आणि पत्त्यांत एकदा तरी हरून गप्प बस." हा दुसऱ्या कुणाला पाठवून बघा, लागूच पडणार नाही.

एवढं वाचून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि व्हीलचेअर हा शब्दच टाळतात. तेही मला पटत नाही. तिच्या आयुष्यातली ती रोजची वस्तू आहे. तुम्ही दोघी नाटकाला गेलात, रॅम्पच्या तोंडाशी कुणीतरी दुचाकी लावलेली होती, मालक सापडेपर्यंत पहिला अंक बुडाला आणि बाहेर बसून तुम्ही तो मनाने रचलात, तर ती आठवण खुशाल लिहा. खुर्ची त्यात आहे कारण ती प्रसंगात होती. खुर्चीवरचे विनोद मात्र ती स्वतः तुमच्यासमोर करत असेल तरच, आणि तिच्या विनोदापेक्षा एक पाऊल मागे राहून. परिस्थितीशी निगडित एखादी खरी कामगिरी असेल, समजा हातांनी चालवायची गाडी शिकून तिने याच वर्षी परवाना काढला, तर तेही लिहावं. नवीन चालकाला जसं लिहाल तसंच: पहिला लांबचा प्रवास कुठे?

आणि ओळख फार नसेल तर? जिद्द बहुतेक वेळा याच रिकाम्या जागेत येऊन बसते. लिहायला काही सुचत नाही, डोळ्यांना व्हीलचेअर तेवढी दिसते. अशा वेळी "वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा" एवढंच लिहावं. इतर अर्धवट ओळखीच्या लोकांना आपण एवढंच लिहितो.

मैत्रिणीच्या फोनवरचा सगळ्यात छोटा निरोप तिच्या भाच्याचा होता: "आत्या, हॅपी बर्थडे, माझं पुस्तक परत कधी देणार?" तो तिने मला दोनदा वाचून दाखवला.