ठिबकचे अनुदान वर्ग झाले म्हणतात, मग खात्यात का नाही?

आमच्याकडून ठिबक संच घेतलेल्या शेतकरी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पूर्वसंमती मिळाली, संच बसला, बिल अपलोड झाले, मोका तपासणीही झाली. महाडीबीटीवर अनुदान वर्ग झाल्याचे दिसते, पण पासबुक छापून आणले तर त्यात नोंद नाही. अशा वेळी बरेच जण आधी कृषी कार्यालयात जातात, तिथून बँकेत, बँकेतून पुन्हा कृषी कार्यालयात. दोन्हीकडे उत्तर एकच मिळते: "आमच्याकडून सगळे बरोबर आहे." बहुतेक वेळा ते खरेही असते. चूक या दोघांच्या मधल्या जोडणीत असते. ती नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय तक्रार केली, तर ती चुकीच्या टेबलावर जाते आणि महिने निघून जातात.

पैसे कोणत्या खात्यात जायचे, हे पासबुक ठरवत नाही

अर्ज करताना आपण पासबुकाची प्रत जोडतो, त्यामुळे पैसे त्याच खात्यात येतील असे वाटणे साहजिक आहे. पण हे अनुदान आधार क्रमांकावर पाठवले जाते. पैसे निघाले की एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरमध्ये पाहिले जाते, की या आधारासमोर कोणती बँक नोंदलेली आहे. मॅपर म्हणजे एक मोठी यादी समजा. तिच्यात एका आधारासमोर एका वेळी एकच बँक असते. रक्कम त्या बँकेकडे जाते आणि बँक स्वतःच्या नोंदीत तो आधार ज्या खात्याला लावलेला असेल, त्यात ती जमा करते.

म्हणजे जोडण्या दोन आहेत. पहिली, बँकेच्या नोंदीत तुमच्या खात्याला आधार लावलेला असणे. दुसरी, मॅपरमध्ये तुमच्या आधारासमोर त्याच बँकेचे नाव असणे. "आधार लिंक आहे का?" असे विचारले की काउंटरवरचा कर्मचारी पहिली जोडणी पाहून "आहे" म्हणतो. अनुदानाला दोन्ही लागतात. म्हणून बँकेत विचारताना "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग आमच्याच बँकेला आहे का?" असेच विचारा.

मॅपिंग आपल्याला न कळता कसे बदलते? नवीन खाते उघडताना अंगठा देतो आणि फॉर्मवरच्या एका चौकटीत खूण होते: सरकारी लाभ या खात्यात घेण्यास संमती. गावात शिबिर लावून पाच मिनिटांत खाते उघडून दिले जाते, तेव्हा ही चौकट वाचून दाखवलीच जाईल असे नाही. त्यानंतर जुन्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे लागते. जुने खाते चालू राहते, त्यातले व्यवहारही चालू राहतात, फक्त अनुदान तिकडे येणे थांबते.

आधी घरबसल्या पाहा

myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून लॉगिन करा. तिथे Bank Seeding Status या नावाची चौकट आहे. ती उघडली की बँकेचे नाव, Active किंवा Inactive अशी स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. यातली तारीख फार कामाची असते. ती तुमच्या अर्जानंतरची असेल, तर मध्ये काहीतरी बदलले आहे हे नक्की. या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जाला तो जोडावा लागेल. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. मग बँकेच्या शाखेतूनच मॅपिंगची स्थिती विचारावी लागते. ओटीपी कोणालाही सांगू नका. आमच्या दुकानातून तो कधीही मागितला जात नाही.

एक हिशेब आणि त्यात झालेल्या दोन चुका

समजा, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या संचाचा मंजूर मापदंडाप्रमाणे खर्च ८०,००० रुपये धरला गेला. अल्पभूधारकाला एकूण ८० टक्के मिळतात: ५५ टक्के केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेतून आणि २५ टक्के राज्याचे पूरक अनुदान. म्हणजे ४४,००० आणि २०,०००. या दोन रकमा वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. पासबुकात ६४,००० शोधणाऱ्याला ४४,००० ची नोंद समोर असूनही आपली वाटत नाही. इतर शेतकऱ्यांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्के मिळतात, तिथेही हेच लक्षात ठेवा. अनुदान मापदंडावर निघते, आमच्या बिलाच्या रकमेवर नाही. त्यामुळे थोडी कमी रक्कम आली तर ती जोडणीची चूक नसते.

आता या शेतकऱ्याने अर्जाला जिल्हा बँकेचे पासबुक जोडले. पूर्वसंमती आणि तपासणीच्या मधल्या काळात गावातल्या शिबिरात त्याने एका पेमेंट बँकेत खाते उघडले. मॅपिंग तिकडे गेले. पहिले ४४,००० त्या खात्यात पडले. जिल्हा बँकेत पैसे नाहीत म्हणून तो तक्रार करत राहिला, पण खरे तर तक्रारीचे कारणच नव्हते. पैसे त्याच्याच नावावर होते. Bank Seeding Status मधले बँकेचे नाव पाहून त्या खात्याचा उतारा काढला असता, तर एका दिवसात उलगडा झाला असता.

हे कळल्यावर त्याने रागाने पेमेंट बँकेतले पैसे काढून ते खाते बंद केले. मॅपरमधली नोंद मात्र तशीच राहिली. दुसरे २०,००० निघाले, त्याच बँकेकडे गेले, तिथे खाते बंद सापडले आणि रक्कम शासनाकडे परत गेली. आधी मॅपिंग जिल्हा बँकेकडे आणायचे, ते Active दिसेपर्यंत थांबायचे, मगच जुने खाते बंद करायचे. क्रम एवढाच आहे, पण तो उलटा झाला की एका चुकीच्या दोन होतात.

मॅपिंग परत आणताना

ज्या बँकेत पैसे हवेत, तिथे आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात दोन पर्याय असतात. मॅपिंग कुठेच नसेल तर नवीन नोंद, आणि दुसऱ्या बँकेत असेल तर तिथून इकडे बदल. दुसऱ्या पर्यायात आधीच्या बँकेचे नाव लिहायची जागा असते. ती कोरी सोडली की विनंती पुढे सरकत नाही आणि शाखेकडून कळवलेही जात नाही, ही आमच्या ग्राहकांच्या बाबतीत सर्वांत जास्त दिसणारी अडचण आहे. Bank Seeding Status वर बँकेचे नाव जसे दिसते तसेच तिथे उतरवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या.

मॅपरला जाणारी माहिती शाखेतून नव्हे, तर बँकेच्या मुख्य कार्यालयातून जाते. त्यामुळे शाखेने त्याच दिवशी "झाले" म्हटले तरी त्यावर थांबू नका. काही दिवसांनी स्वतः स्थिती पाहा. बँकेचे नाव आणि Active ही दोन्ही दिसली की मगच पुढचे पाऊल. काही बँकांसाठी हीच विनंती npci.org.in वर Bharat Aadhaar Seeding Enabler या सोयीतूनही करता येते.

खाते जुने असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. दोन वर्षे तुम्ही स्वतः काढ-घाल केली नसेल, तर बँक ते खाते निष्क्रिय धरते. मॅपिंग बरोबर असूनही केवायसी अपुरी किंवा खाते निष्क्रिय या कारणाने रक्कम परत जाऊ शकते. केवायसी नव्याने देऊन आणि एखादा लहान व्यवहार करून खाते चालू करून घ्या.

मॅपिंग बरोबर, बँक बरोबर, तरीही पैसे नाहीत

हा प्रकार कमी आढळतो, पण सर्वांत त्रासाचा आहे. मॅपर रक्कम बँकेपर्यंत आणून सोडतो. पुढे खाते शोधायचे काम बँकेचे. तिथे तुमचा आधार तुमच्याच जुन्या पीककर्ज खात्याला लावलेला असू शकतो, किंवा टंकताना चूक होऊन भावाच्या खात्याला. एकाच घरातले दोघे भाऊ एकाच शाखेत असले आणि आडनाव, वडिलांचे नाव सारखे असले, की हा घोळ सहज होतो. स्थिती Active दिसते, कृषी कार्यालय रक्कम बँकेने स्वीकारल्याचे दाखवते, तरी तुमचे बचत खाते रिकामे.

अशा वेळी कृषी कार्यालयातून रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि शाखेला विचारा, की या क्रमांकाची रक्कम कोणत्या खात्यात जमा केली. आधार दुसऱ्या व्यक्तीच्या खात्याला लागला असेल, तर दुरुस्ती आणि वसुली ही बँकेची जबाबदारी आहे. "भावाकडून घ्या" हे उत्तर स्वीकारू नका. कारण नोंद दुरुस्त झाली नाही, तर पुढचे प्रत्येक अनुदान तिकडेच जाईल.

तक्रार कोणाकडे आणि कशी

रक्कम परत गेली असेल तर तक्रार नव्हे, पुन्हा वितरणाची विनंती करायची असते, आणि ती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात. मॅपिंग दुरुस्त झाले म्हणून पैसे आपोआप पुन्हा निघतील असे धरून बसू नका. अर्जाचा मजकूर एवढा पुरे:

"महाडीबीटी अर्ज क्र. ______ अन्वये ठिबक संचाचे पूरक अनुदान रु. ______ दि. ______ रोजी वर्ग झाले, परंतु मॅपिंग असलेले खाते बंद असल्याने परत गेले. आता माझे आधार मॅपिंग ______ बँकेत कार्यरत आहे. स्थितीची प्रत सोबत जोडली आहे. रक्कम पुन्हा वितरित करावी आणि परत येण्याचे कारण लेखी कळवावे."

आधारचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. ही विनंती ३१ मार्चच्या बऱ्याच आधी पोहोचलेली बरी. आर्थिक वर्ष बदलल्यावर निधीच्या उपलब्धतेसाठी पुन्हा थांबावे लागू शकते.

चूक बँकेची असेल, म्हणजे अर्ज देऊनही मॅपिंग बदलले नाही किंवा रक्कम भलत्या खात्यात टाकली, तर शाखा व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याही आल्या आहेत. शाखेची पोच नसेल तर ही तक्रार उभी राहत नाही, म्हणून त्या शिक्क्याचा आग्रह धरा.

मॅपिंग आमच्या दुकानातून बदलता येत नाही, कोणत्याच विक्रेत्याला ते शक्य नाही. बिलाची प्रत, संच बसवल्याचा दाखला आणि तुमच्या अर्जाच्या तारखा मात्र आमच्याकडे ठेवलेल्या असतात. कृषी कार्यालयात किंवा बँकेत जाण्याआधी त्या घेऊन जा.