खरेदी मागणीची बहुस्तरीय मंजुरी

एखाद्या विभागाला वस्तू किंवा सेवा हवी असेल, तर पुरवठादाराला ऑर्डर देण्याआधी तो संस्थेतच खरेदी मागणी (पीआर) नोंदवतो. ही मागणी रकमेनुसार एक किंवा अनेक अधिकाऱ्यांकडून मंजूर होण्याच्या पद्धतीला बहुस्तरीय मंजुरी म्हणतात. कोणत्या पदाला किती रकमेपर्यंत सही करता येते, हे वित्तीय अधिकारांच्या तक्त्यात ठरलेले असते. मर्यादा पदाला असते, व्यक्तीला नसते. त्यामुळे माणूस बदलला तरी तक्ता तसाच राहतो.

मागणी वर जाण्याच्या दोन रीती आहेत. साखळी पद्धतीत ती प्रत्येक वरिष्ठाकडे क्रमाने जाते आणि जिथे रक्कम मर्यादेत बसते तिथे थांबते. थेट पद्धतीत ती पुरेशी मर्यादा असलेल्या पहिल्याच अधिकाऱ्याकडे पोचते. थेट पद्धतीत वेळ वाचतो, पण मागणी खरोखर गरजेची आहे का हे जवळून जाणणारा मधला माणूस गळतो. मर्यादा लावताना मागणीची एकूण रक्कम धरावी लागते. ओळीनिहाय रक्कम धरली, तर एकाच मागणीतल्या छोट्याछोट्या ओळी खालच्या स्तरावरच सुटतात. एकाच कामाच्या दोन-तीन मागण्या करून मर्यादेखाली राहण्याचा प्रकारही नेहमीचा आहे. एकाच विभागाच्या, एकाच पुरवठादाराकडच्या, काही दिवसांच्या अंतराने आलेल्या आणि मर्यादेच्या जेमतेम खाली असलेल्या मागण्या एकत्र लावून पाहिल्या की तो उघड होतो.

पद्धतीचा खरा कस रजेच्या काळात लागतो. समजा, पर्यवेक्षकाची मर्यादा २५,०००, विभागप्रमुखाची २,००,००० आणि संचालकांची १०,००,००० आहे. एका पंपासाठी १,८०,००० ची मागणी गुरुवारी दाखल झाली. पर्यवेक्षकाने ती त्याच संध्याकाळी, कार्यालय सुटताना पुढे पाठवली आणि ती विभागप्रमुखाच्या यादीत जाऊन पडली. विभागप्रमुख शुक्रवारपासून रजेवर आहे आणि त्याने आपला अधिकार नेमका त्याच पर्यवेक्षकाकडे सोपवला आहे.

इथे पहिला प्रश्न आधीच येऊन पडलेल्या मागणीचा. अनेक प्रणालींमध्ये सोपवणूक फक्त नव्याने येणाऱ्या मागण्यांना लागू होते. गुरुवारची मागणी मग रजेवर गेलेल्या माणसाच्या यादीतच राहते आणि स्मरणपत्रेही त्यालाच जातात. म्हणून रजेची नोंद होताच प्रलंबित मागण्याही हलतात की नाही, हे प्रणाली घेताना तपासून घ्यावे.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. मागणी हलली तर ती पर्यवेक्षकाकडेच येते आणि विभागप्रमुखाची २,००,००० ची मर्यादा वापरून तोच दुसरी सही करू शकतो. काही प्रणाली याहून पुढे जातात: या माणसाने आधीच मंजुरी दिली आहे असे धरून पुढचा टप्पा आपोआप ओलांडतात. कागदावर दोन टप्पे पूर्ण दिसतात, प्रत्यक्षात मागणी एकाच माणसाने पाहिलेली असते. यावर चोख नियम असा, की मागणी करणारा किंवा त्याच मागणीवर आधी सही केलेला माणूस प्रतिनिधी म्हणून चालत नाही आणि मागणी वरच्या स्तराकडे जाते. या उदाहरणात ती संचालकांकडे जाईल. एरवी प्रतिनिधी सोपवणाऱ्याच्या मर्यादेत सही करतो, पण नोंदीत दोन्ही नावे यावी लागतात: सही कोणाची आणि कोणाच्या वतीने. पासवर्ड देऊन रजेवर जाणे ही सोपवणूक नव्हे, कारण त्यात सही कोणी केली हेच पुसले जाते. सोपवणुकीला शेवटची तारीख असावी आणि प्रतिनिधीने ती पुढे तिसऱ्याकडे देऊ नये. दोघांनी एकमेकांनाच प्रतिनिधी नेमले आणि दोघेही रजेवर गेले, तर मागणी त्यांच्यातच फिरत राहते.

अडकलेली मागणी वर ढकलण्याच्या सोयीला एस्कलेशन म्हणतात. वरच्या उदाहरणात आठ कामाच्या तासांनी स्मरण आणि सोळा तासांनी वरिष्ठाकडे, असा नियम धरू. कामाचा दिवस आठ तासांचा आणि शनिवार-रविवार सुट्टी असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी स्मरण जाते आणि सोमवारी संध्याकाळी मागणी संचालकांकडे पोचते. घड्याळ रात्र आणि सुट्ट्याही मोजत असेल, तर ती शुक्रवारी सकाळी, बहुधा कोणी उघडून पाहण्याआधीच, वर निघून जाते. मुदत संपली म्हणून आपोआप मंजुरी देणे मात्र पूर्णपणे चूक आहे. त्याने मर्यादांचा तक्ताच निरर्थक होतो. मुदतीनंतर फक्त निर्णय घेणारा बदलावा, निर्णय आपोआप होऊ नये.

मागणी वर गेल्यावर मूळ अधिकाऱ्याच्या यादीतून ती निघाली पाहिजे, नाहीतर एक जण मंजूर करतो आणि दुसरा नाकारतो. मंजुरीनंतर पंपाची किंमत वाढून २,१०,००० झाली, तर आधीच्या सह्या रद्द होऊन मागणी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून जाते. किरकोळ वाढीसाठी काही टक्के सूट ठेवतात, पण त्या वाढीने मर्यादा ओलांडली जात असेल तर ती सूट लागू करत नाहीत.