कमिशन्ड अधिकारी, एनसीओ आणि जवान : भारतीय लष्करातील हुद्दे व बढती

लष्करातील हुद्द्यांची उतरंड शिपायापासून जनरलपर्यंत सलग जाते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक सैन्यांत दोन स्वतंत्र शिड्या असतात. एकीवर जवान म्हणून भरती झालेला माणूस पायरीपायरीने चढतो. दुसरीवर अधिकारी थेट मधूनच पाऊल ठेवतो. भारतीय लष्करात या दोहोंच्या मध्ये ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओंचा, आणखी एक स्तर आहे.

कमिशन्ड अधिकाऱ्याला अधिकार मिळतो तो राष्ट्रपतींच्या कमिशनने, म्हणजे नेमणुकीच्या सनदेने. खडकवासल्याची एनडीए आणि नंतर डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी किंवा चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी, अशा मार्गांनी तो लेफ्टनंट होतो. जवान शिपाई म्हणून भरती होतो आणि लान्स नाईक, नाईक, हवालदार असा वर जातो. दंडावरच्या एक, दोन, तीन फितींवरून हे हुद्दे ओळखता येतात. हेच नॉन-कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे एनसीओ. एनसीओ जवानांमधूनच वर आलेला असतो, अधिकाऱ्यांमधून खाली आलेला नव्हे. शिवकाळातल्या पायदळातही नायक आणि हवालदार हे हुद्दे होते.

एनसीओचे काम म्हणजे साधारण दहा जणांचा सेक्शन सांभाळणे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे असाच एक सेक्शन घेऊन पुढे सरकत होते. शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. तरीही घाडगे एकटेच ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लढाईत पुढच्या दहा जणांचा निर्णय कर्नल घेत नाही, नाईक किंवा हवालदार घेतो.

हवालदारानंतर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ येतात. ब्रिटिश अधिकारी आणि देशी शिपाई यांच्यामधला दुवा म्हणून इंग्रजांनी सुभेदार, जमादार हे हुद्दे ठेवले होते. स्वातंत्र्यानंतर तेच जेसीओ झाले आणि १९६५ मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. अमेरिकेच्या लष्करात असा स्तर नाही. तिथे प्लाटूनच्या, म्हणजे काही सेक्शन मिळून होणाऱ्या तुकडीच्या, प्रमुखाला सार्जंटचा आधार असतो. आपल्याकडे प्लाटून बहुधा जेसीओच सांभाळतो. पलटणीत, म्हणजे अख्ख्या बटालियनमध्ये, सुभेदार मेजर एकच असतो. तीस वर्षे सेवा झालेला सुभेदार मेजर नव्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतो आणि तोच लेफ्टनंट त्याला ‘साहेब’ म्हणतो. कायद्याने मोठा कोण हे पहिल्यातून कळते, अनुभवाचा मान दुसऱ्यातून.

दोन शिड्यांवरच्या बढतीचे नियमही वेगळे आहेत. जवानाची बढती त्याच्या रेजिमेंटमधल्या रिकाम्या जागेवर अवलंबून असते. एक सुभेदार निवृत्त झाला की एक नायब सुभेदार सुभेदार होतो, त्याच्या जागी हवालदार येतो, त्याच्या जागी नाईक. जागा सुटली तरी ज्येष्ठता पुरेशी नसते. प्रमोशन कॅडर हा बढतीसाठीचा अभ्यासक्रम उत्तीर्ण असावा लागतो, वैद्यकीय श्रेणी आणि गोपनीय अहवाल चांगले असावे लागतात. शिक्षेची लाल शाईची नोंद असेल तर बढती अडू शकते. प्रत्येक हुद्द्याला सेवेची मर्यादाही असते: हवालदाराला २६ वर्षे, नायब सुभेदाराला २८. अठराव्या वर्षी भरती झालेल्या हवालदाराला वेळेत जेसीओ होता आले नाही, तर चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी यावे लागते. काम चांगले असूनही केवळ जागा नसल्यामुळे ही वेळ येते, आणि अनेक कुटुंबांना ती सोसावी लागते. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते; त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे.

अधिकाऱ्याच्या सुरुवातीच्या बढत्या सेवाकालावर मिळतात: दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मात्र मेजर होण्याआधी पार्ट बी आणि लेफ्टनंट कर्नल होण्याआधी पार्ट डी परीक्षा द्यावी लागते. खरी गाळणी कर्नलच्या हुद्द्यावर लागते. निवड मंडळ एका बॅचच्या अधिकाऱ्यांचे अहवाल एकत्र तपासते. पहिल्या वेळी निवड झाली नाही तर आणखी दोन संधी असतात. तिन्ही वेळा हुकलेला अधिकारी २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल, म्हणजे केवळ सेवाकालावर कर्नल, होऊ शकतो, पण पलटणीची कमान त्याच्याकडे येत नाही.

एका शिडीवरून दुसरीवर जाता येते, पण सुभेदार मेजरपद हा लेफ्टनंटकीचा दरवाजा नाही. सेवेत असलेला तरुण जवान आर्मी कॅडेट कॉलेजसाठी परीक्षा देतो, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची निवड पार करतो, तीन वर्षे पदवीचे शिक्षण घेतो आणि इंडियन मिलिटरी अकॅडमीत एक वर्ष काढून लेफ्टनंट होतो. हे कॉलेज पूर्वी पुण्यात होते, आता डेहराडूनला आहे. प्रवेशासाठी वय २० ते २७ आणि किमान दोन वर्षांची सेवा लागते, म्हणून शिपाई किंवा लान्स नाईक असतानाच अर्ज करावा लागतो. ज्येष्ठ जेसीओंना स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी लेफ्टनंट किंवा कॅप्टन ही मानद पदे दिली जातात, पण ती बढती नसून निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा गौरव असतो.