तक्त्यातली तारीख आणि बाळाची तारीख

लसीकरणाचा तक्ता आणि बाळाच्या पुढच्या डोसांची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीत असताना सांगत होते आणि निवृत्त झाल्यावरही सांगते आहे. नात्यातल्या, शेजारच्या पोरी कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवतात, सोबत कुणीतरी तक्त्यावरून केलेली यादी असते, आणि यादीत चूक ठरलेली असते.

तक्ता तुम्हाला माहीत असणारच. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस. मग ६, १० आणि १४ आठवडे. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. १६ महिन्यांनंतर बूस्टर. तो परत समजावत नाही.

तक्ता सांगतो ते वय. या वयाच्या आधी ही लस द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बाळ वेळेवर गेलं असेल तर तक्त्याची तारीख आणि बाळाची तारीख एकच निघते, म्हणून दोन्ही एकच आहेत असं वाटतं. पहिला डोस लांबला की दोघींची फारकत होते.

माझ्या भाचीचंच सांगते. बाळ १२ जानेवारी २०२५ चं. तिच्या दिराने जन्मतारखेत ४२, ७० आणि ९८ दिवस मिळवून २३ फेब्रुवारी, २३ मार्च आणि २० एप्रिल अशा तारखा काढल्या. बेरीज अचूक होती. पण बाळंतपण माहेरी जतला झालेलं, फेब्रुवारीत बाळ आजारी, मग सासरी कोरेगावला येणं. या सगळ्यात पहिला पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा डोस, पडला १८ मार्चला. कार्डावर तशी नोंद होती. यादीत मात्र दुसरा पेंटा २३ मार्चलाच. भाचीने फोन केला, "आत्या, पाच दिवसांनी परत न्यायचं का गं?" तिला शंका आली म्हणून बरं.

न्यायचं नाही. पेंटा, जुलाबाची रोटा आणि तोंडाने द्यायचा पोलिओ यांच्या दोन डोसांत किमान ४ आठवडे, म्हणजे २८ दिवस जावे लागतात. पहिल्या डोसने शरीराची तयारी सुरू होते, ती व्हायच्या आत दुसरा दिला तर तो धड लागू पडत नाही आणि मोजलाही जात नाही. पुन्हा द्यावा लागतो. उशीर झाला तर तसं नसतं. राहिला तिथून पुढे चालू करायचं, पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. "लेट झालंय, आता सगळं नव्याने" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

म्हणून प्रत्येक डोसासाठी दोन तारखा काढायच्या. एक जन्मतारखेपासून, तक्त्यातल्या वयाची. दुसरी मागचा डोस प्रत्यक्षात ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून, अंतराची. दोन्हींत जी उशिराची, ती बाळाची तारीख. यादी मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये करत असाल, तर जन्मतारीख B1 मध्ये आणि पहिल्या पेंटाची दिलेली तारीख C1 मध्ये घालून दुसऱ्या पेंटासाठी एवढंच लिहा:

```
=MAX(B1+70, C1+28)
```

भाचीच्या बाळाला एकीकडून २३ मार्च येते, दुसरीकडून १५ एप्रिल. म्हणजे १५ एप्रिल.

इथपर्यंत लोक येतात आणि पुढच्या ओळीला पुन्हा अडकतात. एफआयपीव्ही म्हणजे टोचून द्यायची पोलिओची लस आणि पीसीव्ही म्हणजे न्यूमोनियाची. या दोन्हींचा पहिला डोस पहिल्या पेंटासोबत असतो, पण दुसरा १० आठवड्यांना नसतो, १४ आठवड्यांना असतो. तक्त्यात त्या रकान्यात ही दोन नावं नाहीत, पण "पहिला झाला, आता दुसरा" या हिशेबाने यादीत ती पेंटाच्या दुसऱ्या डोसाशेजारी येऊन बसतात. डोसाचा नंबर आणि खेपेचा नंबर एकच समजण्याची ही चूक आहे. या दोन्ही लसींच्या पहिल्या दोन डोसांत ४ नव्हे, ८ आठवडे लागतात. १८ मार्चपासून ५६ दिवस म्हणजे १३ मे. तिसरा पेंटाही १५ एप्रिलनंतर २८ दिवसांनी, म्हणजे १३ मेलाच येतो, त्यामुळे त्या दिवशी सगळं एकाच खेपेत होतं.

१३ मे मी तिला पेन्सिलने लिहायला सांगितलं. दुसरा पेंटा १५ ऐवजी २२ एप्रिलला झाला तर तिसरा आपोआप २० मेवर जातो. यादीत पक्की तारीख एकच असते, पुढच्या खेपेची. पुढच्या दोन वर्षांच्या तारखा ठळक अक्षरांत छापून फ्रिजवर लावतात, ते मला अजिबात पटत नाही.

उलट चूकही पाहिली आहे. पहिले डोस महिनाभर सरकले म्हणून घरच्यांनी गोवर-रुबेलाही महिनाभर पुढे ढकललेली. ती लस मागच्या पेंटावर अवलंबून नाही. ९ महिने पूर्ण झाले की द्यायची. या बाळाला १२ ऑक्टोबर २०२५ पासून, आधीचं काही का लांबलेलं असेना. त्या दिवशी रविवार, म्हणून त्यानंतर गावात जे पहिलं सत्र असेल ते. १६ ते २४ महिने असं लिहिलेल्या बूस्टरला यादीत १६ महिन्यांचीच तारीख घाला, म्हणजे १२ मे २०२६. २४ महिने ही तक्त्यातली शेवटची हद्द आहे. तीच तारीख लिहून आठ महिने निवांत बसायचं नसतं.

आता स्क्रीनशॉटबद्दल. आमच्याकडे सिस्टर दिलेल्या डोसाची तारीख पेनने लिहितात आणि पुढची पेन्सिलने. फोटोत दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, आणि पेन्सिलची तारीख "दिलेली" म्हणून यादीत जाते. मग न दिलेला डोस झाला असं धरलं जातं. तारीख आजच्या पुढची असेल तर ती दिलेली असूच शकत नाही, हे आधी तपासा. घाईत लिहिलेला १ आणि ७ सारखा दिसला तर अंदाज करू नका, कार्ड हातात घेऊन बघा. आणि जन्मतारखेचं पान बहुतेक वेळा फोटोत नसतंच. ते मागवल्याशिवाय मी एकही तारीख सांगत नाही.

बाकीचं किरकोळ. दीड, अडीच, साडेतीन महिने हे बोलायला ठीक; यादी करताना ४२, ७०, ९८ दिवसच मोजा. जपानी मेंदूज्वराची ओळ काही ठरावीक जिल्ह्यांनाच लागू आहे, आपल्याकडे आहे का ते उपकेंद्रात विचारा. सांगली-मिरजेच्या खाजगी बालरोगतज्ज्ञांचं कार्ड असेल तर त्याला सरकारी तक्ता लावू नका. तिथे पीसीव्ही ६, १० आणि १४ आठवडे अशी तिन्ही वेळा असते, टायफॉइड, कांजिण्या वगैरे ओळी जास्त असतात. त्या कार्डाची यादी त्याच डॉक्टरांच्या तक्त्यावरून करा.

भाचीच्या यादीत आता वर एकच ओळ आहे: १५ एप्रिल, मंगळवार, पेंटा-२, रोटा-२, पोलिओ-२. खाली पेन्सिलने १३ मे. १५ तारखेला गावात सत्र नसेल तर त्यानंतरचं धरायचं, आधीचं नाही, हे तिने स्वतःच शेजारी लिहून ठेवलं आहे.